रजिस्टरातला आठचा आकडा

मी मुळात रागीट माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला वाटायला नको की हा म्हातारा आता साधूपणा दाखवतोय. त्या वर्षांत तर माझ्या नाकावर राग कायमचाच बसलेला असे. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. वैनगंगेच्या काठावर सरकारी धान-बियाण्यांचं एक फार्म होतं, तिथं मी कारकून होतो. त्याच फार्मच्या टेकाडावर हवामान खात्याची छोटी वेधशाळा होती आणि तिचा निरीक्षकही मीच. वेधशाळा म्हणजे काय, चार पायांवर उभी पांढरी लाकडी पेटी, तिच्यात चार तापमापकं, बाजूला पाऊस मोजायचं भांडं आणि खांबावर वारा दाखवणारा बाण. रोज दोनदा, सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला, सगळं वाचून रजिस्टरात आकडे लिहायचे आणि पोस्टातून नागपूरला तार करायची.

लोकांना हे काम हास्यास्पद वाटे. मला ते देवपूजेसारखं होतं. घरात अंत्यविधी असतानाही मी साडेआठची वेळ चुकवली नव्हती.

दुसरंही एक काम माझ्याकडे होतं. फार्मच्या आंब्याला रेल्वेरुळाचा एक तुकडा टांगलेला होता. ती आमची घंटा. सकाळी मजूर कामावर लागताना, दुपारी जेवणाला आणि पाचला सुट्टी होताना ती मीच वाजवायचो. पावसाळ्यात नदी चढू लागली की न थांबता वाजवायची. आवाज पार पलीकडच्या काठावर जाई आणि दोन्हीकडचे डोंगेवाले आपले डोंगे, म्हणजे लहान नावा, वर ओढून घेत. लांब घंटा झाली की पाण्यात उतरायचं नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आता त्या आकड्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यावरच अडलं. 'सध्याचं हवामान' म्हणून रजिस्टरात एक रकाना असतो. तिथं शब्द लिहायचे नाहीत, दोन आकडे लिहायचे. धुकं असेल तर त्याचा आकडा वेगळा, गडगडाटाचा वेगळा. मागच्या तासाभरात धुळीची भोवरी दिसली तर शून्य आठ. ढगातून नळी लोंबताना दिसली, मग ती जमिनीवरची असो की पाण्यावरची, तर एकोणीस.

एका मे महिन्यात मी एकोणीस लिहिला. पडीक रानात पावणेपाचच्या सुमाराला धुळीचा एक खांब उभा राहिला, ताडाच्या दुप्पट उंच. खळ्यावरची धानाची तणस उचलली, एका झोपडीचं छप्पर उलथवलं, बायकांनी पदर तोंडाला लावून थू थू केलं. भुताची भोवरी आली की आमच्याकडे थुंकतात. मी म्हटलं, एवढी मोठी म्हणजे टोर्नेडोच. तारेत एकोणीस ठोकून दिला. छाती फुगली होती माझी.

पंधरा दिवसांत नागपूरहून तपासणीला साहेब आले. बारीक चणीचे, घामानं चिंब, आल्याआल्या रजिस्टर मागितलं. फार्मवरचे वीस-पंचवीस मजूर भोवती उभे होते आणि फार्मसाठी पोती घेऊन आलेला डोंगेवालाही होता.

"हा एकोणीस तुम्ही लिहिला?"

"हो साहेब."

"त्याच ओळीत ढग किती लिहिलेत?"

मी पाहिलं. शून्य लिहिलं होतं.

"आभाळात एक ढग नाही आणि ढगाची नळी? कुणाच्या पोटातून लोंबली ती? तुमच्या?"

मजूर हसले. साहेबांनी मग तिथंच, मला शाळेतल्या पोरासारखं उभं करून, शिकवलं. तो धडा मी आजही घडाघडा म्हणून दाखवीन. अपमानानं शिकवलेलं विसरत नाही.

ते म्हणाले, भोवरी जमिनीतून जन्मते. निरभ्र दुपारी उघडी कोरडी जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून एकदम वर सुटते. तिची जागा भरायला चारी बाजूंनी हवा धावते, आणि धावताना जराशी वाकडी आली की फिरू लागते. फुगडी घालणाऱ्या पोरी एकमेकींच्या जवळ आल्या की कशा गरगरतात, तशी ती आत ओढली जाईल तितकी जोरानं फिरते. धूळ उचलते म्हणून दिसते. दोन-चार मिनिटांत सावलीत किंवा ओल्या जमिनीवर शिरली की खलास. वर ढग लागत नाही. आणि कोपऱ्यात पाचोळा फिरतो, भिंतीला वारा आपटून, ती तर त्याहून किरकोळ. तिला आकडासुद्धा नाही.

"आणि टोर्नेडो?" मी विचारलं. विचारायची लाज वाटत होती, पण विचारलं.

"टोर्नेडो वरून येतो. मोठा गडगडाटी ढग लागतो. खाली वारा एका दिशेनं, वर दुसऱ्या दिशेनं आणि जास्त जोरानं. मधली हवा आडव्या लाटण्यासारखी लोळायला लागते. वादळाचा वर चढणारा झोत त्या लाटण्याला उभं करतो. मग ढगच आतून फिरायला लागतो आणि त्याच्या तळातून नळी उतरते. ती नळी धुळीची नसते. आत हवेचा दाब इतका उतरतो की वाफेचंच पाणी होतं, ढगासारखं, म्हणून ती दिसते. खाली जमीन गाठली की मग धूळ, पत्रे, म्हशी, काय सापडेल ते."

"पाण्यावर?"

"पाण्यावर दोन तऱ्हा. एक म्हणजे हाच टोर्नेडो पाण्यावर आला. दुसरी साधी. तिला वादळ लागत नाही, गडगडाट लागत नाही. पाणी कोमट, वारा पडलेला, वर नुसता वाढणारा ढग. दोन मंद झुळका पाण्यावर भेटतात तिथं हवा जराशी फिरते आणि वाढता ढग तिला वर ओढून उभी ताणतो. आधी पाण्यावर काळा गोल डाग दिसतो. मग त्याच्या कडेनं तुषार उडतात. मग वरून पांढरी नळी खाली येताना दिसते. थंड पाऊस पडला किंवा काठाला लागली की तुटते. तुमच्या जन्मात तुम्हाला ती दिसायची नाही. तेव्हा एकोणीस लिहिण्याआधी मान वर करून ढग बघत जा."

रजिस्टरात लाल शाईनं एकोणिसावर काट मारून त्यांनी शून्य आठ केलं आणि सही ठोकली.

हे सगळं त्या डोंगेवाल्यानं ऐकलं. चांगला धिप्पाड गडी, तोंडाचा फाटका. पुढच्या बाजाराला त्यानं चहाच्या टपरीवर तमाशाच मांडला. "आमच्या बाबूले भुताची भोवरी दिसली तं त्यानं थुंकाच्या ऐवजी नागपूरले तार केली." वर्षभर मी जिथं जाईन तिथं लोक माझ्याकडे बघून थुंकल्याचा आव आणायचे. डोंग्यात बसलो की तो वर बघून विचारायचा, "आज काय आहे बाबूजी, आठ की एकोणीस?" त्याची बायको डोंग्यात पुढं बसून लोकांचं सामान लावायची. ती त्याला दटावायची. "राहू द्या ना, काहून चिडवून राहिले त्याइले." मग तो आणखी चेव आल्यासारखा करी. मी त्याला मनापासून शिव्या दिल्या. शपथ घेतली, की आभाळ फाटून सात नळ्या लोंबल्या तरी या हातानं एकोणीस लिहिणार नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षीचा आश्विन. पाऊस ओसरला होता, नदी मात्र अजून काठोकाठ होती. बांध्यांतून, म्हणजे धानाच्या वाफ्यांतून, पाणी, धान पोटरीत आलेलं. दुपारपासून नदीवर एक ढग वाढत होता, भिंतीसारखा उंच, तळाशी काळा आणि सपाट. गडगडाट नाही. वारा इतका पडलेला की खांबावरचा बाण हलत नव्हता. अंगातून नुसत्या घामाच्या धारा.

पाचला दहा कमी असताना मी टेकाडावर गेलो, एका तापमापकाला कायम ओली वात गुंडाळलेली असते, तिला पाणी घालायला. तेव्हा दिसलं. ढगाच्या तळातून करंगळीएवढं काहीतरी खाली आलं होतं. मी खाली पाहिलं. नदीच्या मधोमध, जरा वरच्या अंगाला, पाण्यावर एक काळा गोल डाग. त्याच्या कडा पांढऱ्या होत होत्या.

साहेबांनी सांगितल्याबरहुकूम, पाठ म्हटल्यासारखं सगळं समोर घडत होतं. मी वाटी हातात धरून उभाच राहिलो. भीती वाटली नाही. आनंद झाला, खरं सांगतो. मग लगेच ती लाल शाई आठवली आणि मजुरांचं हसणं आठवलं, आणि मी स्वतःशीच भांडायला लागलो. लिहू का? लिहिलं तर साहेब येतील. कुणी पाहिलं म्हणून विचारतील. साक्षीला कोण? हे थुंकणारे? करंगळी आत जायची, पुन्हा बाहेर यायची. पलीकडच्या काठाला डोंगा बाजारकरी बायकांनी भरत होता. मी घड्याळ बघत होतो, ढग बघत होतो. अशी दहा मिनिटं गेली. पाच वाजले. मी खाली उतरलो, रुळावर रोजच्यासारखे पाच टोले दिले. मजूर सुटले. तेवढ्यात नदीकडून ओरडा आला.

मी पळत काठावर गेलो तोवर नळी पुरी उतरली होती. पांढरी, जराशी वाकलेली, माणसाला वाटावं आत पोकळ आहे. खाली पाण्याचे तुषार झाडाएवढे. आणि डोंगा तिच्यापासून दूर न्यायला डोंगेवाल्यानं आपल्या वाटेला आडवा घातला होता. ती सरकत आली, डोंग्याच्या शेपटीला लागली आणि डोंगा पालथा झाला. तीच पुढं जाऊन काठावरच्या दगडांना लागली आणि तुटून विरली. पावसाचा एक थेंब पडला नाही. लोकांनी उड्या टाकल्या, सात जण बाहेर काढले. डोंगेवाल्याची बायको सापडली नाही. ती तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला लागली.

त्या संध्याकाळी साडेपाचला मी आकडे लिहायला बसलो. लोक नदीत शोधत होते. मी रकान्यापाशी आलो आणि लिहिलं, शून्य आठ. काहीच लिहिलं नसतं तरी चाललं असतं. पण काही दिसलं आणि लिहिलं नाही, हे माझ्यानं होत नव्हतं. आणि खरं लिहायची छाती नव्हती.

मग गावाचं चालू झालं. डोंगेवाल्याच्या बायकोचा भाऊ धानाचा व्यापारी, चार माणसांत वजन असलेला. त्याचं आणि बहिणीच्या नवऱ्याचं कधीच पटलं नव्हतं. त्यानं ठाण्यात लिहून दिलं की हा माणूस दारू पिऊन होता, सरळ चाललेला डोंगा यानं मुद्दाम आडवा घातला आणि माझ्या बहिणीला बुडवलं. वाचलेल्या बाजारकऱ्यांपैकी अर्ध्यांनी धान त्यालाच विकायचं असल्यामुळं मान हलवली. बाकीच्यांनी डोळे मिटून घेतले होते. डोंगेवाला म्हणत होता, नदीतून पानी उभं राह्यलं. लोक हसले नाहीत, पण कुणी त्याच्या दारात बसायलाही गेलं नाही. चौकशीला नायब तहसीलदार येणार असं ठरलं. त्यांच्या कागदावर पुढचा खटला उभा राहणार होता. बायकोचा खून म्हणून हा आत जाणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी तो माझ्या क्वार्टरशी आला. पायरीवर चढला नाही. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली.

"बाबूजी, तुमच्या वहीत काय लिवलं आहे?"

"तुला काय करायचंय?"

"तहसीलदार साहेब वही मागून राह्यले. लोकं म्हनतेत तुमी भोवरी लिवली."

"लिहिली."

"ते भोवरी नोती. तुमी पायली ना? मले तुमी दिसले. पांढऱ्या पेटीपाशी उभे होते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा मला सांगणार काय पाहिलं ते? वर्षभर ज्यानं मला गावाच्या तोंडी दिलं तो? मी म्हणालो, "तेव्हा थुंकायला सांगत होतास ना सगळ्यांना? जा, आता साहेबासमोर थुंक. मी लिहिलंय ते लिहिलंय."

तो जायला वळला. मग म्हणाला, "म्या चिडवलं तुमाले, ते माही चूक. पन तिनं तं कदी चिडवलं नाई." आणि गेला. मी दार लावून घेतलं. जेवण गेलं नाही, आणि त्याचाही राग मी त्याच्यावरच काढला.

चौकशी ग्रामपंचायतीच्या पडवीत झाली. नायब तहसीलदार साहेबांचं टेबल, बाजूला लिहिणारा कारकून, खाली अंगणात सगळं गाव. डोंगेवाल्याचा मेहुणा पहिल्या रांगेत, पांढऱ्या धोतरात. डोंगेवाला खांबाला टेकून एकटाच.

करडी गावच्या एका म्हातारीला बोलावलं. ती डोंग्यात होती.

"यानं डोंगा आडवा घातला?"

"घातला साहेब."

"का घातला?"

"मले का माईत. आधी पान्यावर काया काया गोल दिसला. मंग कडंनं पानी उडाले लागलं. हा वरडला, खाली निजा म्हनून, अन् डोंगा वयवला."

"बास. आडवा घातला एवढंच लिहा."

काळा गोल साहेबांनी सोडून दिला. मी मागे उभा होतो, माझ्या कपाळाची शीर उडायला लागली.

मग माझं रजिस्टर उघडलं. साहेबांनी आकड्यांचं पुस्तक आधीच मागवून घेतलं होतं. चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "शून्य आठ. धुळीची भोवरी. सरकारी नोंद आहे. धुळीच्या भोवरीनं माणसांनी भरलेला डोंगा उलटत नाही. फार तर टोपी उडेल." अंगणात मेहुण्याची माणसं हसली. "म्हणजे वाऱ्याचं कारण निकालात निघालं. निरीक्षक, सही करा इथं."

मी पुढं झालो. सही करायलाच गेलो होतो, कबूल करतो. दया वगैरे काही नव्हती माझ्या मनात. पण साहेब पेन पुढं करता करता कारकुनाला म्हणाले, "लिहा, त्या दिवशी नदीच्या परिसरात धूळ उडत होती." आणि माझं डोकं सटकलं. अडाणीपणा मला सहन होत नाही, स्वतःचा सोडून.

"कुठली धूळ, साहेब?"

"म्हणजे?"

"आश्विन आहे. आठ कोसांत बांधीबांधीत गुडघाभर पाणी. धूळ कुठून आणता? धुळीची भोवरी उठायला उघडी तापलेली माती लागते आणि निरभ्र आभाळ लागतं. त्याच ओळीत ढगांचा रकाना वाचा. आभाळाच्या आठ भागांतले पाच भाग ढग आहे आणि तो उंच वाढणारा आहे. म्हाताऱ्या बाईनं काळा गोल सांगितला तो तुम्ही गाळला. तीच तर खूण आहे. पाण्यावरची नळी होती ती. ढगातून उतरलेली. एकोणीस."

मी तेवढ्यावर थांबलो नाही.

"आणि डोंगा आडवा घातला म्हणता. नळी ज्या वाटेनं सरकते त्या वाटेला काटकोनात पळायचं असतं. आमच्या पुस्तकात लिहिलंय. यानं पुस्तक पाहिलं नाही, तरी तेच केलं. सरळ नेला असता तर आठही जण गेले असते."

साहेबांनी चष्मा काढला. "मग रजिस्टरात आठ कुणी लिहिलं?"

"मी."

"म्हणजे सरकारी नोंद खोटी केलीत?"

"केली."

"का?"

मागच्या लाल शाईची गोष्ट सांगावी लागली. सगळ्या गावासमोर. या वेळी कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

"किती वाजता दिसली तुम्हाला?"

"पाचला दहा कमी."

कारकुनानं लिहून घेतलं. मेहुणा उठून ओरडायला लागला की बाबू विकला गेला, पण करडीची म्हातारी पुन्हा पुढं येऊन म्हणाली, "हा बाबू खरं सांगून राह्यला," आणि मग एकेक जण बोलायला लागला. डोळे मिटलेल्यांनाही आठवायला लागलं. साहेबांनी कागदावर अपघात लिहिलं. डोंगेवाला सुटला. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण जवळ आला नाही. मला वाटलं, लाजला असेल. मनातल्या मनात मी त्याला माफही करून टाकलं, इतका मी मोठा झालो होतो त्या दिवशी.

नोंद खोटी केल्याबद्दल महिन्याभरात निरीक्षकाचं काम माझ्याकडून काढलं. बारीक चणीचे तेच साहेब पेटीच्या किल्ल्या घ्यायला आले. एवढंच म्हणाले, "दिसली तुम्हाला. मला अजून दिसली नाही." त्यांच्या बोलण्यात हेवा होता. मग फार्मवरूनही माझी बदली झाली, पवनीकडे.

जायच्या दिवशी नदी ओलांडायची होती. एकच डोंगा होता. मी पत्र्याची पेटी घेऊन बसलो. पुढं जिथं त्याची बायको बसायची तिथं कुणी नव्हतं. तो खाली बघून वल्हं मारत राहिला. वर बघून आठ की एकोणीस विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. आभाळ स्वच्छ होतं. मधोमध आल्यावर त्यानं वल्हं थांबवलं.

"बाबूजी, साहेबाले तुमी सांगलं, पाचले दहा कमी."

"हो."

"घंटा पाचले झाली. तवा मी इतं होतो, मधात. मोजली म्या. पाच टोले."

मी पेटीची कडी धरली.

"पाचले दहा कमी होते तवा मी काठाले होतो. तिनं एक पाय डोंग्यात ठेवला होता, एक काठावर. तुमी लांब घंटा वाजवली असती तं म्या तिले म्हनलं असतं, उतर."

माझ्या तोंडून निघालं, "ती घंटा पुराची असते."

"पानीच होतं ना ते," तो म्हणाला.

चौकशीत मला सगळं विचारलं होतं. कोणता आकडा, कोणती नळी, कोणता ढग. त्या दहा मिनिटांत तुम्ही काय करत होता, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं, कारण माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. आकडा लिहायचा की नाही यावर मी स्वतःशी भांडत होतो.

त्यानं पुन्हा वल्हं मारलं. काठ आला. माझी पेटी त्यानंच उचलून वर ठेवली, हळू, आतलं काही फुटू नये अशी. मी उतरलो आणि काहीतरी बोलायला वळलो, तर तो डोंगा फिरवून निघाला होता. तेवढ्यात पलीकडून सुट्टीची घंटा आली. आता ती दुसरं कुणी वाजवत होतं. मी उभा राहून टोले मोजले. पाच होते.